धावण्यासाठी स्पोर्ट्स ब्रा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या धावण्याच्या गटात बुटांवर तास तास चर्चा होते. ब्राचा प्रश्न मात्र कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. ही उत्तरं धावण्यापुरती आहेत. योगासनं, चालणं किंवा जिममधल्या वजनांसाठी इतकी काटेकोर निवड लागत नाही.

माझ्याकडे स्पोर्ट्स ब्रा आहे. चालताना छान वाटते, पण धावायला लागले की दुखतं. असं का?

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि मग सगळं वजन एका पायावर आदळतं. मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात, म्हणजे पाच किलोमीटरमध्ये पाच-सहा हजार वेळा तो हिसका बसतो. स्तनात स्नायू नसतात. त्याला धरून ठेवतात ती वरची त्वचा आणि आतले कूपर्स लिगामेंट नावाचे नाजूक धागे. शरीर थांबलं तरी स्तन क्षणभर पुढे जात राहतो आणि तो ताण या दोघांवर येतो.

ही हालचाल फक्त वर-खाली नसते. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठात यावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे. धावताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे असा तिन्ही दिशांनी हलतो, त्याचा मार्ग साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो, हे तिथे मोजून दाखवलं आहे. यातली निम्म्याच्या आसपास हालचाल वर-खाली असते, उरलेली बाकीच्या दोन दिशांना. चालण्यासाठी केलेली पातळ, ओढून घालायची ब्रा स्तन थोडे दाबते, पण या तीन दिशा तिला आवरत नाहीत.

आणि हे फक्त तुमचंच होतं असं अजिबात नाही. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटू बायकांना विचारलं तेव्हा जवळपास एक-तृतीयांश जणींनी स्तनांत दुखत असल्याचं सांगितलं होतं.

आधार मिळतो तो खांद्याच्या पट्ट्यांमुळेच ना? मग पट्टे आवळले की झालं?

नाही. ही समजूत दूर झाली की बाकीची अर्धी उत्तरं आपोआप सापडतात. आधाराचा मोठा भाग छातीखालून पाठीपर्यंत जाणारा आडवा पट्टा देतो. तो बरगड्यांवर घट्ट आणि सपाट बसला तर वरच्या कपाला टेकायला पक्की जागा मिळते. खांद्याचे पट्टे फक्त कप जागेवर ठेवायला मदत करतात.

खालचा पट्टा सैल असला की काय होतं ते बघा. प्रत्येक पावलाला स्तनाचं वजन पुढे-खाली ओढतं, पट्टा समोरून खाली सरकतो आणि पाठीवर वर चढतो. मग आपण खांद्याचे पट्टे आवळतो. त्यामुळे पाठीचा भाग आणखी वर ओढला जातो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. संध्याकाळी खांद्यावर लाल खाचा दिसतात, मान आखडते, आणि हालचाल तेवढीच राहते. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्टे रुंद असलेली ब्रा शोधण्याआधी खालचा पट्टा तपासा.

माप कसं घ्यायचं? दुकानात तर नुसतं बघूनच ‘छत्तीस घ्या’ म्हणतात.

शिवणकामाची टेप आणि आरसा एवढं पुरतं. आधी छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांभोवती टेप गुंडाळा. टेप आडवी राहायला हवी, पाठीत खाली-वर झालेली नको. श्वास सोडा आणि टेप घट्ट धरून इंचांत आकडा वाचा. मग न दाबणारी साधी ब्रा घालून छातीचा सगळ्यात भरलेला भाग मोजा, इथे टेप सैलसर ठेवा.

गोंधळ होतो तो पुढे. जुन्या पद्धतीत खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून पट्ट्याचा नंबर काढतात. अजूनही कित्येक दुकानांत तसंच सांगतात. ताणणाऱ्या आजच्या कापडात ते चार-पाच इंच म्हणजे निव्वळ ढिलाई. धावण्याच्या ब्रासाठी पट्ट्याचा नंबर खालच्या मापाच्या जवळचा सम आकडा धरून सुरुवात करा. मग वरच्या मापातून तो नंबर वजा करा. एक इंच फरक म्हणजे ए कप, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं उदाहरण घेते. ती वर्षानुवर्षं ३६ बी घालायची. दहा किलोमीटरनंतर तिचे खांदे दुखायचे आणि पट्टा पाठीत वर चढलेला असायचा. मोजलं तर बरगड्यांचं माप ३१ इंच आणि छातीचं ३६. जुन्या पद्धतीनं ३१ मध्ये पाच मिळवून ३६ चा पट्टा आला होता. नव्या हिशोबानं पट्टा ३२ आणि फरक चार इंच, म्हणजे ३२ डी.

डी ऐकून ती दचकली, कारण डी म्हणजे खूप मोठं असं डोक्यात बसलेलं असतं. पण कपाचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या तिन्हींच्या कपांत जवळपास सारखीच जागा असते, फरक असतो फक्त पट्ट्याच्या लांबीत. म्हणजे तिला कप पहिल्यापासून बरोबर होता, पट्टा तेवढा चार इंच जास्त होता. तिनं ३२ डी आणि ३४ सी दोन्ही घालून पाहिल्या. एका कंपनीच्या ३२ मध्ये काखेजवळ रुततं म्हणून शेवटी दुसऱ्या कंपनीची ३२ डी घेतली. पट्टा पाठीत चढणं थांबलं आणि खांद्याचे पट्टे तिनं स्वतःहून एक बोट सैल केले.

हिशोबातून आलेला नंबर ही फक्त सुरुवात आहे. कंपनीगणिक माप बदलतं. पट्टा आवळत असेल पण कप बरोबर असेल, तर पट्टा एक नंबरानं वाढवा आणि कप एका अक्षरानं उतरवा, म्हणजे ३२ डी ऐवजी ३४ सी. सैल असेल तर उलट करा.

पण बऱ्याच स्पोर्ट्स ब्रा एस, एम, एल मध्येच येतात. तिथे काय?

लेबलवरचा तक्ता बघा आणि पट्ट्याच्या मापावरून नंबर ठरवा, छातीच्या मापावरून नाही. ज्यांची बरगडी बारीक आणि छाती भरलेली आहे त्यांना या तीन-चार मापांत बहुधा नीट बसणारी ब्रा मिळत नाही. एमचा कप अपुरा पडतो आणि एलचा पट्टा ढिला होतो. अशा वेळी पट्टा आणि कप यांचे वेगवेगळे नंबर असलेली ब्राच शोधा. सी कपाच्या पुढे असाल तर एस-एम-एलच्या नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रायल रूममध्ये नेमकं काय तपासायचं?

घाई करू नका. ब्रा घातल्यावर आधी पुढे वाका आणि दोन्ही बाजूंच्या काखेखालचा भाग हातानं आत, कपात घ्या. मग सरळ उभं राहून आरशात कडेनं बघा. पट्टा पुढून-मागून एका आडव्या रेषेत हवा. पाठीत कमानीसारखा वर गेला असेल तर तो मोठा आहे.

पट्ट्याखाली दोन बोटं घाला. ती जायला हवीत, पण ओढल्यावर पट्टा अंगापासून इंचभराहून जास्त सुटू नये. हूक असतील तर नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. आतले हूक पुढच्या महिन्यांसाठी असतात, पट्टा सैलावला की तेव्हा कामी येतात. दुकानातच सगळ्यात आतला हूक लावावा लागला तर ती ब्रा ठेवून द्या.

मग खांद्याचे पट्टे दोन्ही खांद्यांवरून बाजूला सरकवा आणि तशाच उभ्या राहा. खालचा पट्टा जागचा हलला नाही तर काम तो करतोय. घसरला तर इतका वेळ खांदे काम करत होते. पाठीत पट्टे एकत्र येणाऱ्या ब्रात हे करता येत नाही, तिथे दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा. हात वर केल्यावर पट्टा छातीवर चढायला नको.

कपाकडे बघा. वरच्या कडेनं किंवा काखेतून मांस बाहेर फुगत असेल तर कप लहान. कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. मधला भाग छातीच्या हाडावर टेकलेला असावा. अंडरवायर असेल तर तिनं स्तनाच्या ऊतीवर बसता कामा नये, बरगडीवर बसावं. काखेकडचं टोक बोटानं दाबून बघा. मऊ लागलं तर वायर चुकीच्या जागी आहे.

शेवटी उड्या मारा. खरंच. लाज वाटते हे मला ठाऊक आहे, पण नुसतं उभं राहून धावण्याची ब्रा तपासता येत नाही. गुडघे उचलत अर्धा-एक मिनिट जागेवर पळा आणि आरशात बघा की स्तन धडासोबत एकत्र वर-खाली होतात की थोडे मागून येतात. मागून येणं कमीत कमी हवं. दुकानात घालून बघू देत नसतील तर परत घेणाऱ्या ठिकाणाहून मागवा, आणि टॅग न काढता घरी हेच सगळं करा.

घट्ट म्हणजे किती घट्ट? माझा श्वास अडतो असं वाटतं.

रोजच्या ब्रापेक्षा धावण्याची ब्रा घट्ट असतेच, त्यामुळे पहिल्या दिवशी परकी वाटते. खोल श्वास घ्या. बरगड्या फुलताना पट्टा ताणला जावा, पण श्वास मध्येच थांबल्यासारखं वाटू नये. वेगात धावल्यावर पूर्ण श्वास घेता येत नसेल किंवा ब्रा काढल्यावर वळ तासभर राहत असतील तर ती लहान आहे. थोडा वेळ राहून जाणारी फिकट खूण चालते.

दाबून धरणारी चांगली की वेगवेगळे कप असलेली?

दाबणारी ब्रा दोन्ही स्तन छातीशी सपाट धरते. ए-बी कपाला ती पुष्कळदा पुरते. कप असलेली ब्रा प्रत्येक स्तन वेगळा वेढते, त्यामुळे बाजूची हालचालही आवरली जाते. सी-डीच्या पुढे नुसत्या दाबानं भागत नाही. तिथे दोन्ही गुण असलेली, म्हणजे आत कप आणि वरून दाबणारं कापड, अशी ब्रा घ्या. सुटे पॅड म्हणजे आधार नव्हे. ते फक्त आकारासाठी असतात आणि धुताना गोळा होतात.

खांद्याचे पट्टे सरळ हवेत की पाठीत एकत्र येणारे?

पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये तीन बायकांनी केली : लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर. पुरुष खेळाडू आधारासाठी जॉकस्ट्रॅप नावाची पट्टेवाली चड्डी घालतात, तसे दोन जॉकस्ट्रॅप त्यांनी एकत्र शिवले होते. कमरेचा पट्टा बरगड्यांभोवतीचा पट्टा झाला आणि पायांचे पट्टे पाठीत एकमेकांवरून जाणारे खांद्याचे पट्टे झाले. पट्टे खांद्यावरून घसरू नयेत म्हणून ते पाठीत एकत्र आणायची ती सोय आजही टिकून आहे.

ती उतरत्या खांद्यांच्या बायकांना फार उपयोगी आहे. पण पट्टे मानेजवळ येतात आणि मान-खांद्याच्या स्नायूवर भार गोळा होतो. छाती जड असेल आणि मान आधीच आखडत असेल तर सरळ, रुंद, आतून पातळ पॅड असलेले पट्टे जास्त आरामाचे ठरतात. काही ब्रांत पाठीवरचा छोटा हूक लावून सरळ पट्टे एकत्र आणता येतात. गोंधळलेल्यांनी तसली घ्यावी, धावताना दोन्ही प्रकार अंगावर करून बघता येतात.

रुंदीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पट्टा उभा किती ताणतो. पट्टा बोटांत धरून ओढा. रबरासारखा लांब होत असेल तर प्रत्येक पावलाला तो तसाच लांब होणार आणि स्तन खाली-वर जाणार. लांबी कमी-जास्त करता येणारे पट्टे घ्या. दोन्ही खांदे सारखे नसतात, दोन्ही स्तनही नसतात.

आपल्याकडच्या घामाला कॉटन बरं नाही का?

रोजच्या वापराला उत्तम, धावायला नाही. कॉटन घाम पिऊन धरून ठेवतं. मुंबईच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत अर्ध्या तासात ते ओलं, जड आणि ढिलं होतं, आणि ओलं कापड त्वचेवर घासत राहतं. पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये इलास्टेन मिसळलेलं कापड घाम शोषून धरत नाही, तो बाहेरच्या बाजूला पसरवतं. इलास्टेन म्हणजेच ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो ते. ताणून पुन्हा मूळ आकाराला येणं ही त्याची करामत.

लेबलवर सगळं दिसत नाही, म्हणून हातानं बघा. पट्टा दोन्ही हातांनी ओढा : जोर लागला पाहिजे आणि सोडल्यावर झटकन परत यायला हवा. कपाचं कापड उभं कमी ताणलं पाहिजे. पाठीत जाळी असेल तर हवा खेळते, पण ती जाळीही घट्ट विणीची हवी. मग आतून हात फिरवा. शिवण सपाट आहे का, लेबल छापील आहे का, हुकांमागे कापडाची घडी आहे का हे पाहा. वीस किलोमीटरनंतर त्वचा याच जागांवर सोलवटते.

तरीही पट्ट्याखाली सोलवटतं. काय करू?

एकाच जागी रोज सोलवटत असेल तर तिथे ब्रा सरकते आहे, म्हणजे पुन्हा माप. माप बरोबर असेल तर लांब धावण्याआधी पट्ट्याच्या कडेला, काखेत आणि छातीच्या मध्यभागी पेट्रोलियम जेलीचा थर द्या. घाम वाळला की मिठाचे कण उरतात आणि घर्षण वाढतं, म्हणून धावणं झाल्यावर ओल्या ब्रात गप्पा मारत बसू नका. पावसाळ्यात स्तनाखालच्या घडीत लाल, खाजरं पुरळ येतं ते बहुधा बुरशीचं असतं. ती जागा कोरडी ठेवा, आणि आठवड्यात बरं नाही झालं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन ब्रा एकावर एक घालू का?

एखाद्या दिवशी दुसरी सोय नसेल तर घाला, हालचाल कमी होते. पण उकाडा, दाब आणि शिवणी दुप्पट होतात. दोन लागत असतील तर त्यातली एकही तुमच्या मापाची नाही.

धुवायची कशी?

इलास्टेनला उष्णता आणि ब्लीच मानवत नाही. धावून आल्यावर लगेच साध्या गार पाण्यात खळबळून काढा, घाम रात्रभर कापडात मुरू देऊ नका. नंतर सौम्य साबण, गार पाणी. मशीनमध्ये टाकायची तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसला की कापड घाम पसरवत नाही.

पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा. वाळत घालताना पट्ट्यांनी लटकवू नका, ओल्या वजनानं पट्टे लांबतात. मधोमध दोरीवर टाका, सावलीत. कडक ऊन, ड्रायर आणि इस्त्री तिन्ही वर्ज्य.

कधी बदलायची?

आठवड्यातून तीन-चार वेळा धावणाऱ्या आणि दोन-तीन ब्रा आलटून-पालटून वापरणाऱ्या बाईला एक ब्रा साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते. एकच ब्रा रोज वापरली तर त्याआधीच जाते. पण कॅलेंडरपेक्षा ब्राकडे बघा. ती वरून नवी दिसत असतानाच आतलं इलॅस्टिक थकलेलं असू शकतं.

पहिली खूण हुकांवर दिसते. बाहेरच्या हुकावरून तुम्ही मधल्यावर आलात, मग आतल्यावर, आणि आता आतल्यावरही पट्टा इंचभराहून जास्त सुटतो. तिथे तिचं धावण्यातलं काम संपलं. हूक नसतील तर पट्टा ताणून सोडा : कडेला लाटा राहत असतील किंवा तो सावकाश परत येत असेल तर इलॅस्टिक तुटलं आहे. उजेडात धरल्यावर पट्ट्याच्या कडेतून बारीक पांढरे धागे डोकावतात, ते हेच तुटलेले धागे. खांद्याचे पट्टे शेवटपर्यंत आवळूनही ढिले पडणं, आधी कधी न सोलवटलेल्या जागी सोलवटू लागणं, उतारावर पूर्वी नव्हती ती हालचाल जाणवणं या पुढच्या खुणा.

एक सोपी सवय लावा. नवी ब्रा घेतली की पट्टा न ताणता जमिनीवर सपाट ठेवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून ते माप लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढत गेला की शंका राहत नाही.

वजन बरंच कमी-जास्त झालं, बाळंतपण झालं, तर ब्रा नवी असली तरी माप नव्यानं घ्या. आणि शर्यतीच्या दिवशी कोरी ब्रा घालू नका. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे दोन-तीन लांब धावण्यांत ती कुठे घासते ते कळेल. जुनी फेकायची गरज नाही, चालायला आणि योगासनांना ती अजून चालते.

पाळीच्या आधी तीच ब्रा दुखते. मापच चुकलं का?

नाही. त्या दिवसांत स्तन फुगतात आणि हुळहुळे होतात. एक हूक सैल करा, किंवा तेवढ्या दिवसांसाठी एक कप मोठी ब्रा ठेवा. अंगावर दूध पाजत असाल तर धावायच्या आधी पाजून किंवा दूध काढून घ्या, आणि धावणं झालं की घट्ट ब्रा लगेच काढा. भरलेल्या स्तनावर सतत दाब राहिला तर गाठी धरतात.

दुखणं ब्रामुळेच आहे हे कसं ओळखायचं?

ब्रामुळे होणारं दुखणं धावताना वाढतं, धावणं थांबलं की उतरतं, आणि नीट बसणारी ब्रा घातल्यावर दोन-तीन आठवड्यांत स्पष्ट कमी होतं. दुखणं एकाच स्तनात एकाच जागी टिकून असेल, गाठ लागत असेल, बोंडातून स्राव येत असेल, बोंड नव्यानं आत ओढलं गेलं असेल किंवा त्वचेवर खळगा पडला असेल, तर ब्रा बदलून वाट बघत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.